ताई, सहीची घाई करू नकोस

वडिलांचं तेरावं उरकलं की बऱ्याच घरांत सातबाऱ्याचा विषय निघतो. बहीण सासरी परतायच्या तयारीत असते. तेवढ्यात कुणीतरी सुचवतं, ‘आलीच आहेस तर तालुक्याला जाऊन सही करून जा. पुन्हा हेलपाटा नको.’ ही सही बहुतेकदा हक्कसोडपत्रावरची असते. दुःखाच्या दिवसांत, भावांशी वाईटपणा नको म्हणून आणि दस्त न वाचताच ती केली जाते.

कऱ्हाडजवळचं असंच एक घर डोळ्यांपुढे आणू. वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, दोन मुलगे आणि लग्न झालेली थोरली मुलगी. मिळकत म्हणजे ४ एकर बागायत आणि गावठाणातलं घर. थोरल्या भावाने दस्त टाइप करून आणला आहे. धाकटा नोकरीनिमित्त पुण्यात असतो. बहिणीने सही केली तर त्याचाही हिस्सा वाढणार आहे. तरीही तो तिला पत्र लिहायला बसतो.

त्याची सुरुवात हिशेबाने होते. ‘ताई, तुझा वाटा कुणी मेहरबानी म्हणून देत नाहीये. जमीन दादांनी स्वतः घेतलेली असती, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, आम्ही दोघं आणि तू असे चार सारखे वारस. म्हणजे प्रत्येकी १ एकर. जमीन आजोबांपासून चालत आलेली धरली, तर दादांसह आपण पाच जण हिस्सेदार. दादांचा पाचवा हिस्सा पुन्हा आपल्या चौघांत वाटला जाणार. हिशेब वेगळा, पण हातात येते चौथाईच.’

‘लग्न झालं, आता माहेरच्या जमिनीत हक्क कसला,’ हे वाक्य तिने नक्कीच ऐकलेलं असणार, हे धाकट्याला ठाऊक आहे. त्या समजुतीला कधीकाळी आधारही होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. तरीही त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, यावर न्यायालयांत वाद चालू राहिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल लावला: हक्क जन्माने मिळतो, त्यामुळे वडील कधी वारले याने फरक पडत नाही. अपवाद आहे तो २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांचा आणि विक्रीचा. त्या पुन्हा उघडता येत नाहीत. वडिलांनी स्वकष्टार्जित मिळकतीचं वैध मृत्युपत्र केलं असेल, तर मात्र त्याप्रमाणेच होतं. पण मृत्युपत्राने सगळं भावांना मिळालं असेल, तर बहिणीच्या हक्कसोडीची गरजच काय, हा प्रश्न तिने विचारलाच पाहिजे.

पत्राचा खरा गाभा पुढे येतो. गावात सर्रास सांगितलं जातं की बहिणीने सही दिल्याशिवाय सातबाऱ्यावर भावांची नावं लागत नाहीत. हे साफ चूक आहे. वारस नोंद आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन तलाठ्याकडे अर्ज केला, की फेरफार धरला जातो, सगळ्या हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यात आई, दोन्ही भाऊ आणि बहीण अशी चारही नावं लागतात. यासाठी कुणालाही हक्क सोडावा लागत नाही. नोंद लांबली म्हणून कुणाचा वारसाही बुडत नाही.

उलट बाजूही धाकटा सांगून टाकतो. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क गेला, असंही नसतं. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावामागे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेलं दिसतं. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेलं ते नाव असतं, तो एकटा मालक नसतो. काही ठिकाणी बहिणींची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकललेली सापडतात. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. मालकी त्याने जन्माला येत नाही आणि त्याने मरतही नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्राने मात्र ती खरोखर जाते.

मग तो बहिणीला दस्तातली दोन वाक्यं बोट ठेवून वाचायला सांगतो. पहिलं: ‘कोणताही मोबदला न घेता.’ तोंडी ठरलेलं असतं की भाचीच्या लग्नात दादा पाच लाख देईल. कागदावर मात्र मोबदला नाही असंच येतं. उद्या पैसे मिळाले नाहीत, तर लेखी दस्ताविरुद्ध तोंडी बोलणं न्यायालयात टिकवणं फार अवघड. दुसरं वाक्य मिळकतीच्या वर्णनानंतर हळूच येतं: ‘व इतर ज्या काही मिळकती असतील त्या सर्व.’ शेताबद्दल बोलणं झालेलं असतं, पण या एका ओळीने घरातला हिस्साही जातो. हक्क कुणाच्या लाभात सोडला, हेही पाहायला हवं. नुसता हक्क सोडला, तर तिचे ४० गुंठे उरलेल्या तिघांत वाटले जातात. दस्तात ‘लिहून घेणार’ म्हणून एकट्या थोरल्याचं नाव असेल, तर आईच्या वाट्याला त्यातलं काहीच येत नाही.

बहीण शहरात, सासरी शेती नाही. इथे धाकटा एक गोष्ट लक्षात आणून देतो, जी घरात कुणाच्या ध्यानीमनी नसते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला साधारणपणे शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि शेतकरी असल्याचा नेहमीचा पुरावा म्हणजे स्वतःच्या नावाचा सातबारा किंवा ८अ. माहेरचा तो एक एकर सोडला, तर उद्या तिला स्वतःच्या पैशांनी शेत घेतानाही अडचण येऊ शकते. शिवाय रस्त्यासाठी किंवा कालव्यासाठी जमीन संपादित झाली, तर मोबदला मिळतो तो त्या वेळच्या हक्कदारांना. दहा वर्षांपूर्वी हक्क सोडलेल्या बहिणीला त्यातलं काही मागता येत नाही.

‘नंतर पाहू, रद्द करता येईल’ असं कुणी म्हणालं, तर त्यावर विसंबू नकोस, असं तो बजावतो. दुय्यम निबंधकासमोर फोटो निघतो, अंगठा घेतला जातो, मजकूर मान्य आहे का असं विचारलं जातं. तिथे ‘हो’ म्हटल्यावर एकट्याने माघार घेता येत नाही. दिवाणी दावा लावून फसवणूक, जबरदस्ती किंवा दडपण सिद्ध करावं लागतं, तेही फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांच्या आत. ‘मी वाचलंच नव्हतं’ एवढं सांगून शिकल्यासवरल्या बाईचा दावा सहसा टिकत नाही.

धाकट्याचा बहिणीने वाटा सोडण्याला विरोध नाही. तिला मनापासून द्यायचा असेल तर तिने जरूर द्यावा. शेती कसणाऱ्या भावाची ओढाताण तिनेही पाहिली आहे. त्याचं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी चारही नावांनी वारस नोंद होऊ दे. सातबारा, ८अ आणि जुने फेरफार काढून मिळकत किती आहे ते पाहा. दस्ताचा मसुदा आठवडाभर स्वतःकडे ठेव आणि दादाच्या नव्हे, तुझ्या ओळखीच्या वकिलाला दाखव. पैसे ठरले असतील तर रक्कम आणि चेक नंबर दस्तातच येऊ दे. सोडायचं ते गट नंबर घालून सोड, घराचं वेगळं ठेव. आणि आईचा हिस्सा आईच्या नावावर राहील, एवढं बघ. तिच्याकडून अशीच सही घ्यायला कुणी आलं, तर मला फोन कर. मी रजा टाकून येतो.