निरोपाचं पत्र दोनदा वाचलं जातं

जिवाभावाची मैत्रीण कायमची परदेशी निघाली की तिला चार ओळी लिहून द्याव्यात असं वाटतं, आणि कागद समोर घेतला की हात अडतो. मनातलं सगळं रडू उतरवलं तर तिचा पाय जड होईल. नुसतं ‘खूप मोठी हो’ म्हटलं तर सत्कार समारंभातलं भाषण वाटेल. मी अशा वेळी एक गोष्ट धरून चालते. हे पत्र दोनदा वाचलं जातं. एकदा विमानात, डोळे पुसत. तेव्हा तुम्ही काहीही लिहिलेलं असलं तरी गोडच लागतं. दुसऱ्यांदा काही महिन्यांनी, तिकडच्या पहिल्या थंडीत. लिहायचं ते त्या दुसऱ्या वाचनासाठी.

समजा, मिरजेची मैत्रीण ऑगस्टमध्ये टोरंटोला चालली आहे. मागे निवृत्त शिक्षिका असलेली आई एकटी राहणार. ऑगस्टात तिकडे संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड असतो आणि सगळंच नवं असतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे घेतात. मग काही दिवसांतच पाचच्या आत सूर्य मावळायला लागतो. तोवर नव्याची नवलाई ओसरलेली असते. अशा एखाद्या संध्याकाळी ती पत्र पुन्हा काढते.

त्या वेळी ‘तू मला सोडून चाललीस’, ‘आम्हाला विसरू नकोस’ ही वाक्यं प्रेमाची राहत नाहीत, ठपका ठेवल्यासारखी वाचली जातात. म्हणून दुःख लपवायचं का? मुळीच नाही. लपवलेलं दुःख तिला लगेच कळतं, आणि मग बाकीच्या पत्रावरचाही विश्वास उडतो. फक्त ते एकदाच, पत्राच्या पहिल्या अर्ध्या भागात आणि नेमकं लिहावं. ‘तुझ्याशिवाय मी कशी राहू’ याऐवजी असं : ‘गुरुवारी बाजारातून येताना तुझ्या दारात टेकायची मला सवय आहे. आता त्या गुरुवारांचं काय करायचं ते मला सुचत नाहीये.’ एवढं लिहून पुढच्या परिच्छेदाकडे वळावं. स्पष्टीकरण देत बसलं की रडगाणं सुरू होतं.

धीर देणं त्याहून अवघड. ‘तू सगळं निभावशील’ हे वाक्य नोव्हेंबरात पोकळ वाटतं, कारण त्या दिवशी तिला काहीच निभावत नसतं. तिथे पुरावा लागतो, आणि तो तिच्या जुन्या मैत्रिणीइतका कुणाकडेच नसतो. ‘2019 मध्ये सांगलीत पाणी शिरलं तेव्हा मामाकडची सगळी माणसं तुझ्या दोन खोल्यांत येऊन राहिली. तू कुणावर चिडली नाहीस. रात्री मात्र गच्चीवर येऊन माझ्यापाशी रडलीस आणि सकाळी पुन्हा पोह्यांना लागलीस.’ यातलं रडणं गाळू नये. रडूनही दुसऱ्या दिवशी उभं राहता येतं, हेच तिला आठवून द्यायचं असतं.

‘लवकर परत ये’ मी लिहिणार नाही. जाणाऱ्या माणसाला तो शब्द अडकवून ठेवतो. पण ‘नाहीच जमलं तर परत ये, लोकांना काय सांगायचं ते मी बघेन’ हे जरूर लिहीन. परतीची लाज वाटणार नाही हे ठाऊक असलं, की तिथे टिकून राहणंही सोपं जातं.

तिचा खरा घोर आईचा असतो. तिथे ‘काळजी करू नकोस’ कामाचं नाही. निवृत्तिवेतन चालू राहायला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. ‘काकूंना बँकेत मी नेईन आणि दाखला दिला की तुला कळवीन’ या एका ओळीने तिचं अर्धं ओझं उतरतं. मात्र होणार असेल तेवढंच कबूल करावं. ‘रोज बोलू’ हे दोघींनाही जमत नाही आणि न जमल्याचं वाईट वाटत राहतं. रविवारी आपले रात्रीचे आठ म्हणजे तिचे उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा, हिवाळ्यात साडेनऊ. ती वेळ लिहून टाकावी आणि चुकली तर रुसायचं नाही, हेही.

मायन्यात ‘स. न. वि. वि.’ नको, घरी जी हाक मारता तीच असावी. थट्टेची जागा ताजा कलमात : ‘ता. क. तुझा डोशाचा तवा मी परत देणार नव्हतेच.’ शेवटची ओळ हसवणारी असली तर पत्र पुन्हा उघडायची भीती वाटत नाही.

आणि ते विमानतळावर देऊ नये. मुंबईला दारावरचा जवान तिकीट-पासपोर्ट बघून फक्त प्रवाशाला आत सोडतो. त्या घाईत आई, भाऊ, ट्रॉली सगळे एकाच वेळी तिला हवे असतात. आदल्या दिवशी घरी द्यावं, पासपोर्टच्या फाइलमध्ये तिच्यासमोर ठेवावं. मोठ्या बॅगेत गेलं तर ते उतरेपर्यंत हाती लागायचं नाही.