चौदा बायका, एक वाक्य आणि तीन फ्लॅग

आजच्या भागात कोडही आहे, आणि कोड कानाने कळत नाही, म्हणून या भागाचा मजकूर थोडा आवरून इथे लिहून दिलाय.

गोष्ट आमच्या खारदांड्यातली. गल्लीतली एक मावशी कोळी मसाला करते. पूर्वी ओळखीपाळखीवर विकायची. आता तिच्या सुनेने एका शॉपिंग ॲपवर दुकान काढून दिलंय. मसाल्याचा सीझन म्हणजे पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मे. नेमक्या मे महिन्यात त्या ॲपने तिच्या पानावरचे १४ रिव्ह्यू लपवले आणि मेल पाठवला, की हे खरे वाटत नाहीत. पानावर दिसणारं रेटिंग ४.६ वरून ४.३ वर आलं. तसा आकडा छोटा आहे, पण रेटिंगप्रमाणे लावलेल्या यादीत तिचं पाकीट बरंच खाली गेलं आणि ऑर्डरी थंडावल्या. मावशी मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. “तू कॉम्प्युटरवाला ना? बघ, मला चोर म्हणतायत.”

खरं सांगतो, माझ्या मनातही आधी शंकाच आली. कारण ते रिव्ह्यू मी वाचले होते. चौदाच्या चौदा जवळजवळ एकच वाक्य: “मसाला खूप छान आहे घरी सगळ्यांना आवडला.”

मग सुनेकडून दुकानाच्या खात्यातली रिव्ह्यूंची फाइल घेतली. ९० दिवसांचे ३७ रिव्ह्यू, तारीख-वेळेसकट. रविवारी बसून स्क्रिप्ट लिहिली. ॲपवाल्यांची सिस्टिम आतून कशी आहे ते मी पाहिलेलं नाही. पण असं काम करणारे प्रोग्राम बऱ्याचदा तीन गोष्टी बघतात. शब्द पुन्हा पुन्हा तेच आहेत का, रिव्ह्यू एकदम गठ्ठ्याने आलेत का, आणि त्या गठ्ठ्यातले स्टार बाकीच्यांपेक्षा वेगळे आहेत का.

आधी शब्द. दोन रिव्ह्यू हुबेहूब सारखे आहेत का हे बघणं सोपं, पण माणसं शेवटी एखादा शब्द जोडतात, इमोजी टाकतात, मग हुबेहूब जुळत नाही. म्हणून प्रत्येक रिव्ह्यूचे सलग चार-चार शब्दांचे तुकडे करायचे. “मसाला खूप छान आहे” हा एक तुकडा, “खूप छान आहे घरी” हा पुढचा, असं सरकत जायचं. मघाच्या वाक्यात सात शब्द आहेत, म्हणजे चार तुकडे. दुसऱ्या बाईने त्याच वाक्यापुढे “नक्की घ्या” जोडलं, म्हणजे नऊ शब्द, सहा तुकडे. दोघींत सामाईक तुकडे चार, आणि दोघींचे मिळून वेगवेगळे तुकडे सहा. चार भागिले सहा, म्हणजे ०.६७. दोन अनोळखी माणसांनी आपापल्या मनाने लिहिलेल्या वाक्यांत हा आकडा बहुतेक वेळा शून्य किंवा शून्याच्या जवळ येतो.

```python
import re

def words(t):
    return re.findall(
        r"[a-z0-9\u0900-\u0963\u0966-\u097f]+", t.lower())

def chunks(t, n=4):
    w = words(t)
    return {tuple(w[i:i+n]) for i in range(len(w)-n+1)}

def overlap(a, b):
    A, B = chunks(a), chunks(b)
    return len(A & B) / len(A | B) if A and B else 0
```

यातली ती विचित्र दिसणारी ओळ बघा, तिने माझा अर्धा रविवार खाल्ला. पायथनमध्ये शब्द वेगळे करायला सगळे `\w+` वापरतात. इंग्रजीत ते बरोबर चालतं. मराठीत ते काना-मात्रेला अक्षरच मानत नाही, म्हणून “मसाला” चे “मस” आणि “ल” असे दोन तुकडे पडतात. एका शब्दाचे दोन-तीन झाले की चार शब्दांचा तुकडा प्रत्यक्षात दीड शब्दाचा होतो, आणि मग कोणाचाही रिव्ह्यू कोणाशीही जुळायला लागतो. माझ्या पहिल्या रनमध्ये ३७ पैकी २९ रिव्ह्यू संशयित निघाले होते! म्हणून देवनागरीची पूर्ण रांग हाताने द्यावी लागते, फक्त मधले दोन दंड वगळून.

आणखी एक. चार शब्दांपेक्षा छोट्या रिव्ह्यूचा तुकडाच पडत नाही, त्यामुळे “नाइस प्रॉडक्ट”, “मस्त आहे” हे आपोआप बाहेर राहतात. ते तसंच हवं. हे शब्द हजारो खरी माणसं लिहितात, त्यांच्या जुळण्याला काही अर्थ नाही. तसंच काही ॲप रिव्ह्यूचं शीर्षक स्वतःच सुचवतात आणि लोक आहे तेच ठेवतात. शीर्षक जमेस धरलंत तर ॲपनेच लिहिलेलं वाक्य तुम्ही गिऱ्हाइकाच्या नावावर टाकाल. शीर्षक सोडून फक्त मजकूर घ्यायचा.

आता वेळ. मावशीचे ते १४ रिव्ह्यू एकाच रात्री ९ ते ११ च्या दरम्यान आलेले. बाकीचे २३ सगळ्या ९० दिवसांत पसरलेले, म्हणजे साधारण चार दिवसांनी एक. इथे सरासरीशी तुलना करायची असेल तर तो गठ्ठा बाजूला काढून उरलेल्यांची सरासरी घ्यायची, नाहीतर गठ्ठाच सरासरी वर ओढतो आणि स्वतःच त्यात लपतो. पण गठ्ठा म्हणजे लबाडी असं अजिबात नाही. मोठ्या सेलनंतर चार-पाच दिवसांनी पार्सलं पोचतात आणि रिव्ह्यूंची लाट येते. विक्रीचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय वेळेच्या फ्लॅगला किंमत नाही, आणि ते आकडे बाहेरच्या माणसाकडे नसतात. तुम्हाला-मला तर ॲपवर नेमकी वेळही दिसत नाही, फार तर तारीख, कुठे नुसता महिना.

तिसरी गोष्ट स्टार. बरेच जण म्हणतात, पाच स्टार फार असले की खोटं. पण ऑनलाइन रेटिंगचा आकार एरवीही तसाच असतो, पाचचा मोठा ढीग, एकचा छोटा ढीग, मध्ये खड्डा. कारण फार आवडलेले आणि फार चिडलेले लिहितात, “ठीक आहे” वाला कशाला टाइप करत बसेल? म्हणून ढिगाकडे बघायचं नाही, गठ्ठ्यातले आणि गठ्ठ्याबाहेरचे यांची तुलना करायची. मावशीच्या बाहेरच्या २३ मध्ये १५ जणांनी पाच दिलेत, ४ जणांनी चार, २ जणांनी तीन, एकाने दोन, एकाने एक. सरासरी ४.३. गठ्ठ्यात चौदाच्या चौदा पाच. तेवीसमधले पंधरा, हे प्रमाण धरून सलग १४ वेळा पाच पडण्याची शक्यता काढली तर ४०० त एकदा येते. गणित बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलीय, की या १४ जणी एकमेकींशी न बोलता लिहीत होत्या.

तर स्क्रिप्टने हे दिलं:

```
product : masala-250g    flags: 3
repeat  : 14 of 37 share 4-word chunks
burst   : 14 in 2 h; other 23 over 90 days
rating  : 14/14 five-star; others 15/23
verdict : none
```

शेवटची ओळ मी पहिल्यांदा वेगळी लिहिली होती. तिथे `FAKE` असं छापून येत होतं. तिन्ही फ्लॅग पेटल्यावर तेच वाटतं. तो कागद घेऊन मी मावशीकडे गेलो आणि विचारलं, त्या रात्री काय झालं होतं?

महिला मंडळाची मीटिंग झाली होती. मंडळातल्या बायकांनी पंधरा दिवस आधी आपापल्या फोनवरून पाकिटं मागवली होती, कारण पहिल्या ऑर्डरला डिलिव्हरी फुकट. मीटिंगमध्ये मसाल्याचा विषय निघाला. रिव्ह्यू कसा टाकायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. सुनेने व्हॉट्सॲप ग्रुपवर नमुना टाकला, खाली लिहिलं “असं लिहा”. सगळ्यांनी कॉपी-पेस्ट केलं. झालं! मी ऑर्डर नंबर तपासले. चौदाही पाकिटं पैसे देऊन घेतलेली, पोचलेली, आणि बहुतेकींच्या घरी एव्हाना संपलेली.

म्हणजे स्क्रिप्टने चूक केली का? नाही. “या १४ जणींनी ठरवून लिहिलंय” हे तिने अचूक ओळखलं. चूक मी केली होती, ठरवून लिहिणं आणि खोटं लिहिणं एकच धरलं. पहिली गोष्ट डेटात दिसते. दुसरी पाकिटात आणि पैशाच्या व्यवहारात असते, ती फाइलमध्ये नसते. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ नावाचं मानक काढलं, सुरुवातीला ऐच्छिक. त्यात विकत घेतलेले किंवा त्या कामासाठी नेमलेल्या माणसांकडून लिहून घेतलेले रिव्ह्यू छापायला मनाई आहे. म्हणजे तिथेही प्रश्न पैसे कोणी कोणाला दिले हा आहे. मंडळातल्या बायकांनी उलट मावशीला पैसे दिले होते. नमुना वाक्य वाटणं मला तरीही बरोबर वाटत नाही, आणि ते मी सुनेला स्पष्ट सांगितलं.

तुम्ही म्हणाल, मग मशीन कशाला, वाचून कळतं की. कळत नाही. २०११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी शिकागोच्या २० हॉटेलांसाठी पैसे देऊन ४०० खोटे रिव्ह्यू लिहून घेतले, ४०० खऱ्यांत मिसळले आणि त्यातले काही माणसांना ओळखायला दिले. निकाल नाणेफेकीच्या आसपास. आपलं “मला आतून वाटतं” एवढ्याच लायकीचं आहे.

उलटी बाजूही आहे. ज्याला खरंच फसवायचंय तो हळूहळू, दिवसाआड एक, वेगवेगळ्या माणसांकडून वेगवेगळ्या शब्दांत रिव्ह्यू टाकून घेतो, मध्ये मुद्दाम दोन-चार चार-स्टार पेरतो. टेलिग्रामवर “घरबसल्या हॉटेलला पाच स्टार द्या, पैसे मिळवा” असे मेसेज तुम्हालाही आले असतील (बऱ्याचदा तीच पुढच्या मोठ्या फसवणुकीची पहिली पायरी असते). असे रिव्ह्यू खऱ्या खात्यांवरून, ज्याच्या त्याच्या भाषेत येतात. माझी स्क्रिप्ट तिथे शून्य फ्लॅग देईल. म्हणून फ्लॅग नाही म्हणजे माल चांगला, असं वाचू नका.

फोनवर एखादं पान संशयास्पद वाटलं तर रिव्ह्यू “नवीन आधी” असे लावा आणि एकसारखी वाक्यं एका तारखेभोवती गोळा झालीत का बघा. झाली असतील तर ती बाजूला ठेवून उरलेले वाचा, विशेषतः दोन आणि तीन स्टारवाले. तेवढ्यावरून खाली “फेक सेलर” अशी कमेंट मात्र टाकू नका. समोर कोणाची तरी मावशी असू शकते.

ॲपला आम्ही १४ ऑर्डर नंबर लावून उत्तर पाठवलं. बारा दिवसांनी नऊ रिव्ह्यू परत दिसायला लागले. पाच का राहिले ते कळवलं नाही. सुनेने ग्रुपवर नवा मेसेज टाकला, की आपल्या शब्दांत लिहा, नाहीतर लिहू नका. त्यानंतर मंडळातून एकच रिव्ह्यू आलाय, तीन स्टारचा: “चव चांगली पण मीठ जास्त पडलंय.” मावशी अजून शोधतेय ती कोण.