चुकलेले कंस आणि ब्राउझरची मूक दुरुस्ती

गणिताच्या वहीत एखाद्या विद्यार्थ्याने [ ( ] ) असे कंस लिहिले, तर आपण लगेच लाल शाईचे पेन काढतो. जो कंस शेवटी उघडला तो आधी मिटला पाहिजे, हा नियम प्राथमिक शाळेतच पक्का झालेला असतो. वेबपाने ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्येही हाच नियम आहे. तिथे कंसांऐवजी खुणा असतात, त्यांना टॅग म्हणतात. `<b>` पासून ठळक अक्षरे सुरू होतात आणि `</b>` पाशी संपतात. `<i>` तिरप्या अक्षरांसाठी आणि `<p>` परिच्छेदासाठी असतो. आता ही ओळ पाहा:

```
<p>आंबा <b>गोड <i>रसाळ</b> पिवळा</i> आहे</p>
```

`<b>` च्या पोटात `<i>` उघडला, पण मिटवताना बाहेरचा आधी मिटवला. ही ओळ फाइलमध्ये लिहून ब्राउझरमध्ये उघडली, तर तो कसलीही तक्रार करत नाही. ‘गोड’ ठळक, ‘रसाळ’ ठळक आणि तिरपे, तर ‘पिवळा’ नुसतेच तिरपे दिसते. लिहिणाऱ्याच्या मनात जे होते तेच पडद्यावर आले! पण ब्राउझरला मनातले कळत नाही. तो काही ठरलेल्या पायऱ्याच चढत असतो. त्या पायऱ्या समजून घेण्यासारख्या आहेत.

एचटीएमएल वाचताना ब्राउझर तिचा एक वृक्ष तयार करतो. आपली वंशावळ असते तसाच हा वृक्ष: मुळाशी `html`, त्याचे मूल `body`, त्याचे मूल `p`, आणि असेच पुढे. यात एक अट कडक आहे. प्रत्येक घटकाला पालक एकच असला पाहिजे. आमच्या ओळीतला `<i>` अर्धा `<b>` च्या आत आणि अर्धा बाहेर आहे, म्हणून तो जसाच्या तसा वृक्षात बसूच शकत नाही. काहीतरी तोडावे लागणार.

हे काम करताना ब्राउझर दोन नोंदी ठेवतो. पहिली म्हणजे उघड्या घटकांची चळत. ताटांची चळत असते तशी. नवा घटक वर ठेवायचा, मिटला की वरून काढायचा. दुसरी म्हणजे एक यादी. तिच्यात फक्त `b`, `i` यांसारखे अक्षरांचे रूप बदलणारे घटक असतात. घटक चळतीतून खाली उतरला तरी त्याचा टॅग रीतसर मिटेपर्यंत तो यादीत राहतो. सगळी किमया या दुसऱ्या नोंदीत आहे.

आता ओळ वाचू. ‘रसाळ’ पर्यंत पोहोचलो तेव्हा चळतीत खालून वर `html`, `body`, `p`, `b`, `i` आहेत आणि यादीत `b`, `i`. मग `</b>` येतो. चळतीत सर्वांत वर `i` आहे, `b` नाही. म्हणजे क्रम चुकला. ब्राउझर `i` आणि `b` दोन्ही चळतीतून काढतो, पण यादीतून फक्त `b` खोडतो. `i` मिटवा असे कोणी सांगितलेलेच नाही, म्हणून तो यादीत तसाच राहतो. पुढे ‘पिवळा’ हा मजकूर येतो. मजकूर वृक्षात ठेवण्याआधी ब्राउझर यादी तपासतो. `i` यादीत आहे, पण चळतीत नाही. तेव्हा तो `p` च्या खाली एक नवा `i` निर्माण करतो आणि ‘पिवळा’ त्यात ठेवतो. नंतर `</i>` येतो तेव्हा हा नवा `i` चळतीत सर्वांत वरच असतो, त्यामुळे तो निमूटपणे मिटतो. तयार झालेला वृक्ष असा:

```
p
├ "आंबा "
├ b
│ ├ "गोड "
│ └ i
│   └ "रसाळ"
├ i
│ └ " पिवळा"
└ " आहे"
```

आपण `<i>` एकदाच लिहिला होता, वृक्षात मात्र दोन आहेत. याची खात्री करून घेता येते. फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये एफ-१२ ही कळ दाबून कन्सोलमध्ये पुढील ओळ लिहिली, की उत्तर 2 येते:

```
document.querySelectorAll("i").length
```

एखादा `</b>` विसरला तर त्यापुढचे सगळे पान ठळक का होते, याचेही कारण ही यादीच. परिच्छेद संपला की `b` चळतीतून जातो, यादीतून जात नाही. मग पुढच्या प्रत्येक परिच्छेदात नवा `b` जन्म घेतो. `<b>` च्या आत `<p>` उघडून `</b>` आधी मिटवला, तर दुरुस्ती आणखी गुंतागुंतीची होते. तेव्हा परिच्छेद `b` च्या पोटातून काढून त्याच्या शेजारी बसवावा लागतो. मुलांचे पालक असे बदलतात म्हणून प्रमाण नियमावलीत या रीतीला दत्तक-संस्थेचे नाव दिले आहे. रूक्ष नियमावलीत असा विनोद क्वचितच सापडतो.

ही रीत सर्व ब्राउझरांनी एकमताने पाळावी असे पूर्वी ठरलेले नव्हते. चुकीचे पान दाखवायला नकार देणारा ब्राउझर कोण वापरणार? म्हणून प्रत्येकाने आपापल्या परीने डागडुजी केली. इयन हिक्सन यांनी २००२ मध्ये अशा गुंतलेल्या टॅगांवर काही ब्राउझर तपासले, तेव्हा वृक्ष वेगवेगळे निघाले. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तर एका घटकाला दोन पालक होते, म्हणजे तो वृक्षच नव्हता. दुसरा उपाय २००० मध्ये एक्सएचटीएमएलने सुचवला होता: एक चूक दिसली की पान दाखवायचेच नाही. शिक्षकाला ही शिस्त आवडेल, पण वाचकाला दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा मिळते, आणि ती शिस्त टिकली नाही. अखेर २००४ मध्ये सुरू झालेल्या व्हॉटडब्ल्यूजी या गटाने चुकांची दुरुस्तीसुद्धा पायरी-पायरीने लिहून काढली. म्हणून वरची ओळ आज कोणत्याही प्रमुख ब्राउझरमध्ये एकच वृक्ष देते.

मात्र दुरुस्ती सर्वत्र सारखी झाली म्हणजे ती लिहिणाऱ्याच्या मनाप्रमाणे झाली असे नाही. विद्यार्थी प्रयोगाची कृती लिहितात तेव्हा हे हमखास घडते:

```
<p>साहित्य:
<ul><li>मीठ</li><li>पाणी</li></ul>
हे सर्व एकत्र करा.</p>
```

परिच्छेदांना निळा रंग द्यावा असे शैलीत सांगितले, तर ‘साहित्य’ निळे होते आणि ‘हे सर्व एकत्र करा’ काळेच राहते. नियमानुसार परिच्छेदाच्या आत `<ul>` ची यादी बसू शकत नाही, म्हणून `<ul>` दिसताच ब्राउझर परिच्छेद आपणहून मिटवतो. शेवटचे वाक्य थेट `body` मध्ये पडते. पुढे `</p>` येतो, पण मिटवायला उघडा परिच्छेदच उरलेला नसतो. तेव्हा ब्राउझर एक रिकामा `p` तयार करून लगेच मिटवतो. कन्सोलमध्ये `p` मोजले तर एकाऐवजी दोन भरतात.

अशा वेळी ‘व्ह्यू सोर्स’ पाहून उपयोग होत नाही, असे पुष्कळांना वाटते. तिथे आपण लिहिलेलाच मजकूर दिसतो, हे खरे. दुरुस्त झालेला वृक्ष एफ-१२ च्या ‘इन्स्पेक्टर’मध्ये (क्रोममध्ये ‘एलिमेंट्स’मध्ये) दिसतो, आणि दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिले की फरक सापडतो. पण फायरफॉक्सच्या ‘व्ह्यू सोर्स’मध्ये चुकीचे टॅग लाल रंगातही उमटतात, ही थोड्यांनाच ठाऊक असलेली सोय आहे. आमच्या उदाहरणात लाल होतो तो शेवटचा `</p>`, `<ul>` नव्हे. कारण `<ul>` पूर्वी परिच्छेद न मिटवणे ही चूक मानलेलीच नाही. तिथे `</p>` गाळायला परवानगी आहे. म्हणून लाल टॅग सापडला की तिथून वर वाचत जावे आणि परिच्छेद खरोखर कुठे मिटला ते शोधावे. इथे `<ul>` च्या आधी `</p>` आणि शेवटच्या वाक्यापूर्वी नवा `<p>` घातला, की दोन्ही परिच्छेद निळे होतात.