विश्लेषण : थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर ओठांना मुंग्या का येतात?

थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढल्यानंतर रुग्ण साधारण दोन दिवसांत घरी येतो. गळ्याची जखम ठीक असते, खाणेपिणेही सुरू होते. आणि नेमके तेव्हाच ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागतात. अनेक जण याला अशक्तपणा समजतात. प्रत्यक्षात ते रक्तातील कॅल्शियम कमी झाल्याचे पहिले लक्षण असू शकते.

कॅल्शियमचा थायरॉइडशी संबंध काय?

संबंध थायरॉइडशी नव्हे, तर तिच्या शेजाऱ्यांशी आहे. थायरॉइडच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुतेकांमध्ये चार, पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांतून पॅराथायरॉइड हार्मोन, म्हणजे ‘पीटीएच’, स्रवते. हे हार्मोन हाडांतून कॅल्शियम रक्तात आणते, लघवीवाटे जाणारे कॅल्शियम मूत्रपिंडात रोखते आणि ड जीवनसत्त्वाला मूत्रपिंडाकडून सक्रिय करून घेते. या सक्रिय रूपामुळे आतड्यातून कॅल्शियम शोषले जाते.

या ग्रंथी पिवळसर तपकिरी असल्याने आसपासच्या चरबीत चटकन ओळखू येत नाहीत. त्यांचा रक्तपुरवठा थायरॉइडला जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्याच बारीक फांद्यांतून होतो. त्यामुळे ग्रंथी जागेवर राहिली तरी थायरॉइड सोडवताना तिचा रक्तपुरवठा तुटू शकतो. क्वचित ती थायरॉइडबरोबर निघूनही जाते. कर्करोगासाठी गळ्यातील गाठीही काढाव्या लागल्या, तर धोका वाढतो. थायरॉइडचा अर्धाच भाग काढला, तर दुसऱ्या बाजूच्या ग्रंथी शाबूत राहतात आणि हा त्रास सहसा होत नाही.

त्रास घरी आल्यावरच का सुरू होतो?

पीटीएच रक्तात काही मिनिटेच टिकते, पण कॅल्शियम हळूहळू उतरते. ते सर्वांत खाली जाते शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळचा कॅल्शियमचा अहवाल चांगला आला, तरी धोका टळला असे होत नाही. पीटीएचची तपासणी मात्र शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच पुढचा अंदाज देते. त्यामुळे अनेक ठिकाणी ती केली जाते किंवा सरसकट सर्वांना आधीच कॅल्शियम सुरू केले जाते.

कोणती लक्षणे घातक?

कॅल्शियम कमी झाले की मज्जातंतू विनाकारण उत्तेजित होऊ लागतात. सुरुवात मुंग्यांनी होते. मग हातापायांत गोळे येतात. पुढे मनगट वाकून बोटे ताठ होतात आणि अंगठा तळहाताकडे ओढला जातो. स्वरयंत्राचे स्नायू आवळले, तर श्वास घेताना आवाज येतो. झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. मुंग्या आल्यास त्याच दिवशी शल्यविशारदांशी बोलावे. हात आखडणे, श्वासाला त्रास, झटका किंवा भोवळ यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

उपचार नेमके कसे होतात?

एक नमुन्यादाखल उदाहरण पाहू. गलगंडासाठी संपूर्ण थायरॉइड काढलेल्या ४२ वर्षांच्या महिलेचे दुसऱ्या दिवशी सकाळी कॅल्शियम ८.६ होते, म्हणजे जवळपास सामान्य (साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम). पण पीटीएच फक्त ६ होते. ते किमान १५च्या आसपास हवे. तिसऱ्या दिवशी तिच्या ओठांना मुंग्या आल्या. त्या वेळी कॅल्शियम ७.४ निघाले. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन ४ ऐवजी ३.५ होते. अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियमचा आकडा आहे त्याहून कमी दिसतो. म्हणून प्रत्येक १ ग्रॅमच्या कमतरतेसाठी ०.८ मिळवतात. तिच्या बाबतीत ०.४ मिळवून खरा आकडा ७.८ आला. हात आखडत नव्हते, ईसीजी ठीक होता. त्यामुळे गोळ्यांनी उपचार झाले.

तिला कॅल्शियम कार्बोनेटच्या १२५० मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा जेवणाबरोबर दिल्या. अशा एका गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते. जोडीला कॅल्सिट्रिऑल ०.५ मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केले. मॅग्नेशियमही तपासले, कारण ते कमी असेल तर कितीही कॅल्शियम दिले तरी पातळी नीट वाढत नाही. आकडा रोज तपासून, तो स्थिरावल्यावर तिला घरी पाठवले.

आकडा ७.५च्या खाली गेला किंवा लक्षणे तीव्र असली, तर कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून देतात. १० टक्क्यांच्या द्रावणाची १० मिलिलिटरची एक किंवा दोन इंजेक्शने सलाइनमध्ये मिसळून १० ते २० मिनिटांत, ईसीजीवर लक्ष ठेवून दिली जातात. घाईने दिल्यास हृदयाची गती बिघडू शकते आणि औषध शिरेबाहेर गेले तर तिथली त्वचा जळते. त्याचा परिणाम काही तासच टिकतो. म्हणून गोळ्या लगेच सुरू होतात आणि गरज भासल्यास सलाइनमधून कॅल्शियम सुरू ठेवतात.

आठवड्याची ड जीवनसत्त्वाची पुडी पुरेशी नाही का?

६० हजार युनिटची ती पुडी शरीरातील साठा भरून काढते. पण तो साठा वापरायचा तर मूत्रपिंडाने ते सक्रिय करावे लागते आणि त्यासाठी पीटीएच हवे. इथे तेच नसते. कॅल्सिट्रिऑल हे आधीच सक्रिय केलेले रूप आहे, म्हणून ते लगेच उपयोगी पडते. पुडी दिली असली, तरी ती कॅल्सिट्रिऑलची जागा घेऊ शकत नाही.

गोळ्या घेताना चूक कुठे होते?

कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच अडवते. दोन्ही एकत्र घेतल्यास थायरॉक्सिन वाया जाते. म्हणून थायरॉक्सिन पहाटे उपाशीपोटी आणि कॅल्शियम किमान चार तासांनी घ्यावे. कार्बोनेट विरघळायला पोटातील आम्ल लागते. ॲसिडिटीच्या गोळ्या रोज चालू असतील तर डॉक्टर कॅल्शियम सायट्रेट देतात.

दुसरी चूक म्हणजे बरे वाटले की गोळ्या एकदम बंद करणे. डोस रक्त तपासत टप्प्याटप्प्याने कमी करायचा असतो. तिसरी चूक नेमकी उलटी, ती म्हणजे तपासणीशिवाय महिनोन् महिने घेत राहणे. पीटीएच नसताना मूत्रपिंड कॅल्शियम अडवत नाही, ते लघवीतून वाहते आणि मुतखडा होऊ शकतो. म्हणून डॉक्टर कॅल्शियम सामान्य पातळीच्या खालच्या टोकाजवळच ठेवतात. खूप तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता ही कॅल्शियम जास्त झाल्याची लक्षणे आहेत.

हे आयुष्यभर चालते का?

बहुतेकांचे नाही. दुखावलेल्या ग्रंथी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा काम करू लागतात. पीटीएच वाढत गेल्याचे दिसले की औषधे कमी होत बंद होतात. सहा महिने ते वर्ष उलटूनही पीटीएच कमीच राहिले, तर तो त्रास कायमचा धरतात. मग गोळ्या कायम घ्याव्या लागतात आणि कॅल्शियम, फॉस्फरस व क्रिएटिनिनची नियमित तपासणी करावी लागते. अशा रुग्णाने जुलाब-उलट्यांनी गोळ्या पोटात टिकत नसतील तर लगेच डॉक्टरांना कळवावे, कारण एक-दोन दिवसांतच मुंग्या परत सुरू होऊ शकतात.