आधी रॅम, प्रोसेसर की ग्राफिक्स कार्ड?

गेम अडखळायला लागला की पहिला सल्ला मिळतो तो नव्या ग्राफिक्स कार्डाचा. तिन्हींत बहुधा तेच सगळ्यांत महाग, म्हणून पैसे काढण्याआधी संगणक नेमका कुठे अडतोय ते बघायलाच हवं. त्यासाठी दमडीही लागत नाही.

समजा, घरी रायझन ५ २६०० प्रोसेसर, जीटीएक्स १६५० कार्ड आणि ८ जीबी रॅमची एकच पट्टी आहे. गेम नेहमीसारखा चालू करा, तो अडखळला की Ctrl+Shift+Esc दाबा आणि Task Manager मधलं Performance पान उघडा. रॅम नव्वद टक्क्यांच्या पुढे, डिस्क सतत धावतेय आणि ग्राफिक्स कार्ड मात्र जेमतेम अर्धं कामात, असं दिसलं तर दोष कार्डाचा नाही. रॅम पुरत नसल्यामुळे विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. खेळताना बसणारे झटके ते हेच. इथे ८ जीबीची आणखी एक पट्टी घ्यावी. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते, हा वरचा फायदा. खाचा कोणत्या, ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत असतं. पट्टी मात्र डीडीआर४चीच हवी. डीडीआर५ या बोर्डात बसतच नाही.

रॅम वाढवली, झटके थांबले, पण वेग अजून कमीच वाटतो. मग गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. चित्र लहान झालं की कार्डावरचा भार उतरतो, प्रोसेसरचा जवळपास तेवढाच राहतो. फ्रेम्स ४५ वरून ७०वर गेल्या तर अडचण कार्डाची. तिथल्या तिथेच राहिल्या तर प्रोसेसर मागे पडतोय. माझ्या मते ही चाचणी टक्क्यांपेक्षा भरवशाची, कारण प्रोसेसरचा एकूण वापर चाळीस टक्के दिसत असतानाही त्याचा एखादा कोअर पूर्ण भरलेला असू शकतो.

प्रोसेसरच बदलायचा ठरला तर एएम४ सॉकेटवाल्यांचं नशीब चांगलं. २६००च्या जागी रायझन ५ ५६०० बहुतेक बी४५० बोर्डांवर चालतो. फक्त बायोस अपडेट जुना प्रोसेसर काढण्याआधी करा, नाहीतर नवा बसवल्यावर पडदा काळाच राहील. इंटेलमध्ये सॉकेट लवकर बदलतात. तिथे प्रोसेसरबरोबर बोर्डचाही खर्च येऊ शकतो. कार्डाचा छुपा खर्च असतो पॉवर सप्लायचा. जीटीएक्स १६५० साधारण ७५ वॅटमध्ये भागवतं, त्याहून मोठ्या कार्डांना बहुधा वेगळी केबल लागते.

म्हणून दुकानात जाताना मदरबोर्डचं मॉडेल, पॉवर सप्लायवरचे वॅट आणि चाचणीतले दोन्ही आकडे कागदावर लिहून न्या.