गिऱ्हाइकाच्या घरी मय्यत झाली असता : ताजियतीचा ई-मेल आणि थांबवलेले काम

आमच्या हातकणंगले तालुक्यातील व्यापारी जवळच्या गावी मय्यत झाली तर स्वतः उठून जातो. इचलकरंजीचा मागवाला असो वा हुपरीचा चांदीवाला, तो दोन तास दुकान बंद ठेवतो, खांदा देतो, घरच्यांजवळ बसतो आणि परत येतो. तेथे शब्द कमी पडले तरी चालतात. अडचण येते ती पुण्या-मुंबईच्या किंवा त्याहून दूरच्या गिऱ्हाइकाची. वर्षाला लाखोंचा माल त्याच्याशी चालतो, पण जाणे होत नाही. अशा वेळी हल्ली ई-मेल लिहिला जातो, आणि चुका होतात त्या तेथेच.

जुन्या लोकांना आठवत असेल की निधनाचे पोस्टकार्ड आले म्हणजे त्याचा एक कोपरा फाडलेला असे. पोस्टमनच्या हातातच ते ओळखू येई. मग कोणी ते घराबाहेर वाचत, कोणी वाचून लगेच फाडून टाकीत. मजकूर वाचण्याआधीच वाचणाऱ्याचे मन तयार व्हावे, एवढाच त्या फाटक्या कोपऱ्याचा हेतू. ताराही येत. त्याही २०१३ च्या जुलैत बंद झाल्या. आता सारे पत्र एकाच पेटीत पडते. बिल, दराची चौकशी, जाहिरात आणि ताजियत एकाखाली एक येतात. म्हणून ई-मेलमध्ये विषयाची जी ओळ असते, तिलाच फाटक्या कोपऱ्याचे काम करावे लागते.

आमच्या कारखान्यात हे आम्ही ठेच लागूनच शिकलो. एका गिऱ्हाइकाचे वडील वारले. मी सकाळी चार ओळी लिहिल्या. पण लिहिल्या कोठे, तर त्याच्याच जुन्या मेलला उत्तर म्हणून. त्या मेलचा विषय होता, ‘थकलेल्या बिलाबाबत’. त्याला वर दिसला तो विषय, खाली माझी ताजियत आणि त्याही खाली मागच्या महिन्यात मी लिहिलेला तगादा. एवढ्यावर भागले असते तरी बरे. दुपारी हिशोबाच्या मुलाने नेहमीप्रमाणे सर्व थकबाकीदारांना आठवणीचे पत्र पाठवले, त्यात याचेही नाव होते. तो गृहस्थ काही बोलला नाही. फक्त पुढची दोन वर्षे त्याची ऑर्डर आली नाही.

आता एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, आपला पॉवरलूमचा लहान कारखाना आहे. पुण्याच्या एका घाऊक कापडवाल्याची ९००० मीटर पॉपलीनची ऑर्डर चालू आहे. ३००० मीटर माल डिसेंबरात गेला, त्याचा १० जानेवारी तारखेचा चेक आपल्याकडे आहे. दुसरा ३००० मीटर घडी करून गाठी बांधून तयार आहे. उरलेल्याचे बीम मागावर चढले आहे. शिवाय शेठने दर थोडा कमी करा म्हणून विचारले होते, त्याचे उत्तर आपण द्यावयाचे आहे. ६ जानेवारीला शेठच्या आईचे निधन होते आणि ७ तारखेला त्यांच्या मुनीमजींचा फोन येतो.

त्या दिवशी नवीन मेल उघडावा, जुन्यावर उत्तर देऊ नये. विषय लिहावा, ‘आपल्या मातोश्रींच्या निधनाबद्दल’. मेल शेठच्या स्वतःच्या पत्त्यावर जावा. पेढीच्या पत्त्यावर तो गेला तर आधी नोकर वाचतो. दलालाला किंवा इतर कोणाला त्याची नक्कल पाठवू नये. आपल्या मेलखाली नवीन दराची किंवा ईदच्या मालाची जाहिरात आपोआप लागत असेल, तर ती त्या मेलपुरती काढावी. मजकूर असा असावा :

‘आदरणीय शेठजी, आपल्या मातोश्री गेल्याची बातमी आज मुनीमजींकडून कळली. फार वाईट वाटले. दोन वर्षांपूर्वी मी आपल्या घरी आलो होतो तेव्हा त्यांनी मला जेवल्याशिवाय उठू दिले नाही, आणि ताट वाढण्याआधी विचारले, “रोजा तर नाही ना?” ते मी विसरलेलो नाही. आपण व घरची सर्व मंडळी यांच्या दुःखात मी व माझे कुटुंब सहभागी आहोत.

कामाची काळजी करू नये. तयार माल आम्ही आमच्याकडेच नीट ठेवला आहे. दराचा विषय आणि हिशोब २० जानेवारीपर्यंत आमच्याकडून निघणार नाही. त्याआधी काही लागले तर मुनीमजींनी मला थेट फोन करावा. या पत्राला उत्तर देण्याची गरज नाही.’

एवढे पुरे. आठवण लिहिली ती खरी असावी. मृत व्यक्तीला आपण कधी पाहिलेच नसेल तर तसे भासवू नये, शेठकडून त्यांच्याविषयी जे ऐकले असेल तेवढेच लिहावे. आपल्या जमातीतल्या गिऱ्हाइकाला ‘इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन’ लिहून मरहूमच्या मगफिरतीची दुआ करणे ओघाने येते. हिंदू किंवा जैन गिऱ्हाइकाला त्यांच्या धर्माची वाक्ये उसनी आणून लिहिण्यापेक्षा साध्या मराठीतले दुःख बरे. आपण आपल्या परीने दुआ केली असे लिहिले तर कोणी वाईट मानीत नाही.

मेलमध्ये मी २० जानेवारी ही तारीख घातली, ती विचार करून. ‘सवडीने बघू’ किंवा ‘काम नंतर पाहता येईल’ असे मोघम लिहिले की समोरच्याच्या मनावरचा भार उतरत नाही, कारण हे ‘नंतर’ केव्हा संपते ते त्याला कळत नाही. बऱ्याच हिंदू घरांत तेराव्यापर्यंत दुखवटा असतो, म्हणजे ६ तारखेच्या निधनाला १८ तारीख. त्यावर दोन दिवस सोडले. मारवाडी पेढ्यांत बऱ्याचदा बाराव्याला उरकते. आपल्याकडे शोक तीन दिवसांचा, पण विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. एखाद्या पेढीचा कारभार बाईच पाहत असतील आणि त्यांचे पती वारले असतील, तर त्या काळात पत्र व फोन चालतो, मात्र दुकानावर भेटीला बोलावू नये. खात्री नसली की मुनीमजींना विचारून घ्यावे.

पत्रात चेकचा उल्लेख नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. चेकची गोष्ट शेठशी नव्हे, मुनीमजींशी फोनवर करावयाची. खात्यात पैसे असतील तर चेक वटायला शेठला काहीच करावे लागत नाही, आणि आपण उगाच थांबण्याचेही कारण नाही. पण दवाखान्याच्या खर्चात खाते रिकामे झाले असेल आणि आपण १० तारखेला चेक भरला, तर तो परत येईल. बँक दोघांकडून दंड घेईल, आणि सुतकात चेक परत गेला ही गोष्ट त्या घरात कायम राहील. म्हणून आधी विचारावे. थांबायचे ठरले तर धोका नाही, कारण चेक त्यावरील तारखेपासून तीन महिने चालतो. १० जानेवारीचा चेक महिनाभर कपाटात राहिला तरी बाद होत नाही.

मात्र आपली कुवत पाहूनच थांबावे. त्याच पैशाच्या भरवशावर आपण सुताच्या व्यापाऱ्याला चेक दिला असेल आणि मागावरच्या कारागिरांचा आठवड्याचा पगार त्यातूनच निघणार असेल, तर वीस दिवसांचा शब्द देऊन दहाव्या दिवशी फोन करणे हे सर्वांत वाईट. त्यापेक्षा मुनीमजींना स्पष्ट सांगावे की आठ दिवस थांबतो, पुढे अर्धी रक्कम तरी लागेल. व्यापारी माणसाला हे समजते.

गाठी आपल्याच कारखान्यात असल्या तर त्या थांबवणे सोपे आहे. बीम मागावरून उतरवण्याची गरज नाही, ते विणून होऊ द्यावे. पण गाडी निघून गेली असेल तर ‘सर्व थांबवले आहे’ असे लिहूच नये, कारण ते खरे नसते. ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. आपल्याकडून पुणे त्याहून थोडे जास्त, म्हणजे दोन दिवस. पुण्याचे गोदाम बंद असेल तर मुनीमजींकडून उतरवून घेणारा माणूस ठरवावा. ते न जमल्यास ट्रान्सपोर्टवाल्याला मुदत वाढवण्यास सांगावे. मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्यातच ती वाढवता येते.

आणखी एक गोष्ट केवळ मार्चपुरती. कारखानदार म्हणून आपली उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योगात असेल, तर आपल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत टळली तर २०२३ च्या वित्त कायद्याने आलेल्या नियमाप्रमाणे गिऱ्हाइकाला ती रक्कम, ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्चात धरता येते. आपण मोठ्या मनाने सूट दिली तरी कायद्याची मुदत वाढत नाही. समजा, १ फेब्रुवारीचे बिल आहे, ४५ दिवस १८ मार्चला संपतात, आणि गिऱ्हाइकाच्या घरी मार्चच्या पहिल्या आठवड्यात मय्यत झाली. आपण ‘एप्रिलमध्ये द्या’ म्हणालो तर ती रक्कम त्याच्या या वर्षाच्या खर्चातून गळेल आणि तेवढ्या नफ्यावर त्याला कर बसेल. ३१ मार्चच्या आत पैसे आले तर हे टळते. जानेवारीच्या आपल्या उदाहरणात ही अडचण नाही. मार्चमध्ये मात्र शेठला न सांगता त्यांच्या हिशोबनिसाच्या कानावर एवढे घालावे, हीच मदत.

मेल पाठवल्यावर आपल्या कार्यालयातले काम उरते. थकबाकीच्या यादीतून ते नाव २० तारखेपर्यंत काढावे. कॉम्प्युटर आपोआप आठवणपत्रे पाठवत असेल तर त्या खात्यापुरती ती बंद करावीत. दलालाला फोन करून सांगावे की दराचे उत्तर आत्ता विचारायला जाऊ नको. वसुलीच्या फेरीला जाणाऱ्या मुलाच्या वहीतही तशी नोंद करावी, कारण तो मेल वाचत नाही.

२१ तारखेला सकाळी बिल पाठवू नये. आधी फोन करावा, घरच्यांची चौकशी करावी आणि शेठने स्वतः मालाचा विषय काढला तर बोलावे. बहुतेक जण काढतातच. न काढल्यास दोन दिवसांनी मुनीमजींना विचारावे की गाठी केव्हा पाठवू. दराचे उत्तर त्यानंतर वेगळ्या मेलने द्यावे, आणि त्यात ताजियतीचे शब्द पुन्हा आणू नयेत.