गॅस सबसिडी नेमकी कोणत्या खात्यात जाते? पैसे आले की नाही, हे कसे तपासायचे?

सिलिंडर मिळाला, पैसे पूर्ण दिले, पण सबसिडी जमा झाली नाही, अशी तक्रार अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या गॅस एजन्सींवर नेहमी ऐकू येते. यातल्या बऱ्याच तक्रारींत सबसिडी आलेली असते, फक्त ती दुसऱ्याच खात्यात पडलेली असते.

एक उदाहरण घेऊ. अकोट तालुक्यातील एका महिलेच्या नावावर उज्ज्वला योजनेचे कनेक्शन आहे. बुकिंग तिचा अमरावतीत नोकरीला असलेला मुलगा मोबाईलवरून करतो आणि पैसेही स्वतःच्या खात्यातून यूपीआयने भरतो. समजा सिलिंडरची किंमत ९०० रुपये आहे. मुलाच्या खात्यातून पूर्ण ९०० रुपये जातात, कारण सबसिडी किमतीतून आधी वजा होत नाही. उज्ज्वलाची ३०० रुपयांची सबसिडी नंतर येते, तीही मुलाच्या नव्हे तर आईच्या खात्यात. पैसे कोणी आणि कोणत्या खात्यातून भरले, याच्याशी सबसिडीचा काही संबंध नसतो.

इथेच एक गल्लत होते. बुकिंगचे पेमेंट फसले, तर परत येणारी रक्कम ज्या खात्यातून गेली त्याच खात्यात येते. तो परतावा असतो, सबसिडी नव्हे. मुलाच्या खात्यात पूर्ण ९०० रुपये परत आले असतील, तर आधी बुकिंग झाले की नाही ते पाहावे.

बुकिंग झाले म्हणून लगेच सबसिडी निघत नाही. सिलिंडर घरी पोहोचून एजन्सीच्या नोंदीत डिलिव्हरी पूर्ण दिसावी लागते. त्यामुळे तपासणीची सुरुवात पावतीपासून करावी. तिच्यावरचा ग्राहक क्रमांक, नाव, तारीख आणि रक्कम पाहावी. त्यानंतर mylpg.in वर आपली कंपनी निवडून लॉगिन केल्यास सिलिंडरच्या नोंदी आणि सबसिडीची स्थिती पाहता येते. इंटरनेट जमत नसेल, तर ग्राहक क्रमांक घेऊन एजन्सीत विचारावे किंवा १८००-२३३-३५५५ या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा.

समजा नोंदीत सबसिडी जमा दिसते, पण आईच्या जुन्या बँकेच्या पासबुकात नाही. तेव्हा आधारशी कोणती बँक जोडलेली आहे, ते पाहावे लागते. आधारवर आधारित सबसिडी खाते क्रमांकावर जात नाही. ती आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या बँकेत जाते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी अनेक महिलांनी नवी खाती उघडली, काहींनी पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत. अशा नव्या खात्याला आधार जोडताना जुनी जोडणी आपोआप सुटते. एजन्सीत जुन्या पासबुकाची झेरॉक्स दिलेली असली, तरी पैसे नव्या खात्यात जातात.

ही जोडणी myaadhaar.uidai.gov.in वर आधार क्रमांक आणि मोबाईलवर आलेला ओटीपी टाकून Bank Seeding Status या पर्यायात दिसते. मात्र मोबाईल क्रमांक आधारला जोडलेला हवा. तिथे बँकेचे नाव दिसते, पूर्ण खाते क्रमांक नाही. एकाच बँकेत दोन खाती असतील, तर शाखेतच विचारावे लागते. जोडणी बंद दिसली किंवा खातेच बंद पडले असेल, तर रक्कम जमा न होता परत फिरू शकते.

जोडणी बदलायची असेल, तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथे आधार जोडण्याचा अर्ज द्यावा. पण घाई करू नये. ही जोडणी बदलली की आधारवर येणारे लाडकी बहीण किंवा पीएम किसानचे पैसेही नव्या खात्याकडे वळतात. आधी जमा झालेली सबसिडी मात्र तिथेच राहते. ती काढायला त्याच बँकेत जावे लागते.

रकमेचाही हिशेब नीट पाहावा. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आणली. तिच्यात वर्षाला तीन सिलिंडरसाठी उज्ज्वला लाभार्थ्यांना केंद्राच्या ३०० रुपयांखेरीज राज्याकडून सुमारे ५३० रुपये देण्याचे ठरले. हे दोन वेगळे हप्ते आहेत आणि ते एकाच दिवशी येतीलच असे नाही. म्हणून पासबुकात एकूण ८३० शोधत बसण्यापेक्षा दोन रकमा वेगवेगळ्या शोधाव्यात. केंद्राच्या ३०० रुपयांनाही मर्यादा आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षात ती नऊ सिलिंडरपुरती ठेवली गेली. त्यामुळे दहाव्या सिलिंडरवर काही आले नाही, तर ती चूक धरता येत नाही.



कनेक्शन उज्ज्वलाचे नसेल, तर चित्र वेगळे आहे. २०२० च्या मध्यापासून देशात बहुतेक ठिकाणी साध्या ग्राहकांची सबसिडी जवळपास शून्यावर आली. अशा घरात खाते जोडलेले असूनही पासबुक कोरे दिसते, आणि त्यासाठी बँकेत खेटे घालून उपयोग नसतो.